रिसेट केलेला सेकंड हँड फोन जुन्या मालकाचं खातं मागतोय: कुलूप नेमकं कुठे असतं आणि ते रीतसर कसं काढायचं

सेकंड हँड फोन घेतला, चालू केला, भाषा निवडली, वाय-फायचा पासवर्ड टाकला आणि पुढच्याच पानावर हे वाक्य आलं:

“This device was reset. To continue, sign in with a Google Account that was previously synced on this device.”

तुम्ही तुमचं जीमेल खातं टाकता, फोन ते घेत नाही. मागे जाऊन वाय-फाय न जोडता पुढे जायचं म्हटलं, तर ती सोयच दिसत नाही. पुन्हा रिसेट मारला तरी फिरून तेच पान. विकणाऱ्याला फोन केला की तो म्हणतो, “अहो, मी तर सगळं पुसून दिलंय.” आणि बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. त्याने सगळं पुसलंय, पण पुसण्याची वाट चुकलीये. हा प्रश्न सारखा विचारला जातो आणि त्याची उत्तरं अनेकदा अर्धवट किंवा घातक असतात. म्हणून नीट लिहितो. मुख्य भर अँड्रॉइडवर आहे. आयफोनचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

हे बिघाड नाही, संरक्षण आहे

या सोयीचं नाव फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन, थोडक्यात एफआरपी. अँड्रॉइड 5.1 सोबत, म्हणजे 2015 मध्ये ती आली. हेतू सरळ होता: फोन चोरून, बटणं दाबून तो कोरा करायचा आणि विकून टाकायचा, हा धंदा बंद पडावा. फोनमध्ये गूगल खातं आणि स्क्रीन लॉक असला की हे संरक्षण आपोआप चालू होतं, वेगळं काही करावं लागत नाही. त्यामुळे बऱ्याच लोकांना ते आपल्या फोनमध्ये चालू आहे याचा पत्ताच नसतो.

आता हे कुलूप राहतं कुठे, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरूनच ठरतात. रिसेट केल्यावर फोनमधला वापरकर्त्याचा भाग पुसला जातो: अ‍ॅप्स, फोटो, मेसेज, सेटिंग्ज. पण फोनच्या मेमरीत एक छोटा वेगळा कप्पा असतो आणि साध्या रिसेटचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही. फोनवर कोणाचं खातं होतं आणि त्याचा पिन किंवा पॅटर्न कोणता होता, हे पडताळण्यापुरती खूण त्या कप्प्यात ठेवलेली असते. खुद्द पासवर्ड किंवा पिन तिथे लिहिलेला नसतो, फक्त तो बरोबर आहे का हे तपासता येईल इतकंच. फोन नव्याने सुरू झाला की सेटअप तो कप्पा बघतो. खूण असेल तर मालकी सिद्ध करा म्हणतो.

मग कुठल्या रिसेटने ही खूण जाते? सेटिंग्जमध्ये जाऊन, स्क्रीन लॉकचा पिन टाकून रिसेट केला, तर फोन समजतो की मालकानेच हे केलंय, आणि साधारणपणे खूणही काढून टाकतो. पण पॉवर आणि आवाजाचं बटण दाबून जो रिकव्हरी मेनू येतो, तिथून रिसेट केला, किंवा हरवलेला फोन शोधण्याच्या सेवेतून दुरूनच पुसला, तर मालक समोर आहे की चोर, हे फोनला कळत नाही. तो खूण तशीच ठेवतो. विकणाऱ्याने “सगळं पुसलं” म्हणजे बहुतेक वेळा हेच केलेलं असतं: कुठेतरी बघून बटणांचा रिसेट मारला आणि काम झालं असं समजला.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. कुलूप फोनच्या पोटात आहे, गूगलच्या यादीत नाही. विकणाऱ्याने घरी बसून आपल्या गूगल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत जाऊन तो फोन साइन आउट केला, तर कुलूप उघडेल असं धरून चालू नका. “मी खात्यातून काढलाय, आता बघा” हा निरोप येतो, घेणारा पुन्हा चालू करतो, आणि फोन जिथल्या तिथे. दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय असं वाटायला लागतं, आणि इथेच व्यवहार बिघडतात.

आधी पानावर काय लिहिलंय ते वाचा

पुढे जाण्याआधी एकदा पडदा नीट वाचा, फोटो काढून ठेवा. वर दिलेलं वाक्य असेल किंवा जुना पिन, पॅटर्न मागत असेल, तर ते गूगलचं कुलूप. फोन बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं खातं मागत असेल, जसं सॅमसंग किंवा शाओमीचं, तर ते वेगळं कुलूप. ते त्या कंपनीच्या खात्यानेच उघडतं, आणि काही फोनवर दोन्ही कुलपं एकावर एक असतात. फोन एखाद्या संस्थेच्या ताब्यात आहे असं पडद्यावर लिहिलेलं असेल, संस्थेचं नाव दिसत असेल, तर विकणाऱ्याचं खातं मिळूनही उपयोग नाही. तो फोन त्या संस्थेच्या संगणक विभागानेच मोकळा करायचा असतो. असा फोन कर्मचाऱ्याने परस्पर विकलेला असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा तो परत करा, वेळ घालवू नका.

इथून पुढे गूगलच्या कुलपाबद्दल बोलतो.

विकणाऱ्याला काय विचारायचं

“तुमचा पासवर्ड द्या” हे विचारू नका. समोरचा माणूस दचकतो, आणि दचकायलाच हवा. त्याच्या गूगल खात्यात त्याची मेल, फोटो, संपर्क, इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची किल्ली, सगळं आहे. पासवर्ड मागितला की चांगला माणूसही फोन उचलायचा बंद होतो. त्याऐवजी असा निरोप पाठवा:

“नमस्कार, तुमच्याकडून घेतलेला फोन चालू केल्यावर तुमचं जुनं गूगल खातं विचारतोय. तुमच्याकडून रिकव्हरी मेनूतून रिसेट झाला असेल तर असं होतं, तुमची फसवणूक वगैरे काही म्हणत नाही. पासवर्ड मला नकोय. या फोनला आधी जो पिन किंवा पॅटर्न होता तो आठवत असेल तर पंधरा मिनिटांत काम होईल. नाहीतर एकदा भेटून तुम्ही स्वतःच्या हाताने खातं टाकून काढून द्या. पडद्याचा फोटो सोबत पाठवतोय.”

या निरोपात तीन गोष्टी साधतात. आरोप नाही, पासवर्डची मागणी नाही, आणि नेमकं काय करायचं ते आहे.

पिनची वाट सगळ्यात सोपी

बऱ्याच फोनवर कुलपाच्या पानावर आधी जुना पिन किंवा पॅटर्नच विचारतात आणि खाली “Use my Google Account instead” अशी ओळ असते. म्हणजे दोन किल्ल्या आहेत, कुठलीही एक चालते. विकणाऱ्याने फोन देण्याआधी जो पिन वापरायचा तो इथे टाकला, की फोन पुढे सरकतो आणि तुम्ही तुमचं खातं टाकू शकता. यात त्याच्या गूगल खात्याला हातही लागत नाही, म्हणून दुरून व्यवहार झाला असेल तर ही पहिली पसंती.

मात्र हा पिन म्हणजे *या* फोनचा, रिसेट करण्याच्या क्षणी लागू असलेला पिन. लोक गडबडीत नव्या फोनचा पिन सांगतात. शिवाय चुकीचे प्रयत्न वाढत गेले की फोन दर वेळी जास्त थांबायला लावतो, म्हणून अंदाजाने आकडे मारत बसू नका. पॅटर्न असेल तर नऊ ठिपक्यांना आकडे देऊन कागदावर काढून फोटो मागवा, बोलून सांगण्यात हमखास घोळ होतो. आणि एक गोष्ट विकणाऱ्यालाही सांगा: तोच पिन तो अजून बँकेच्या अ‍ॅपला किंवा नव्या फोनला वापरत असेल, तर तिथे आधी बदलून मगच तुम्हाला सांगावा.

एक प्रकरण सविस्तर

माझ्या मावसबहिणीने एका ओळखीच्या ओळखीतून फोन घेतला होता. विकणारे गृहस्थ सरळ होते, बोलावल्यावर लगेच आले. तरी गाडी बराच वेळ अडली, आणि ज्या ज्या ठिकाणी अडली त्या सगळ्यांच्याच अडचणी असतात, म्हणून ते प्रकरण सांगतो.

त्यांनी आधी पिन टाकला. चुकला. आठवून दुसरा टाकला, तोही चुकला. मग खात्याच्या पर्यायावर जाऊन त्यांनी आपलं जीमेल खातं आणि पासवर्ड टाकला. त्यांच्या नव्या फोनवर “तुम्हीच लॉगिन करताय का” अशी सूचना आली, त्यांनी होकार दिला, आणि तरीही जुन्या फोनने सांगितलं की या उपकरणाच्या मालकाच्या खात्याने साइन इन करा. म्हणजे पासवर्ड बरोबर, खातं खरं, पण *या फोनवरचं* ते खातं नाही. हा संदेश आणि “पासवर्ड चुकला” हा संदेश यातला फरक ओळखा. पासवर्ड चुकला तर तोच पासवर्ड पुन्हा आठवायचा असतो. मालकाचं खातं नाही म्हटलं, तर दुसरं खातं शोधायचं असतं, पासवर्ड कितीही वेळा टाकून फरक पडत नाही.

गृहस्थ म्हणाले, माझं एवढंच खातं आहे. असं जवळजवळ सगळेच म्हणतात. पण खोदून विचारल्यावर निघालं की फोन घेतला तेव्हा दुकानात बसून कोणीतरी त्यांना एक खातं काढून दिलं होतं. नंतर मुलाने दुसरं खातं काढून दिलं आणि तेच ते आजवर वापरत होते. मग आम्ही त्यांच्या मोबाइल नंबरवरून खातं शोधलं. गूगलच्या साइन-इन पानावर “Forgot email?” असा दुवा असतो. तिथे नंबर आणि नाव टाकलं, नंबरवर आलेला कोड दिला, की त्या नंबराला जोडलेल्या खात्यांची यादी दिसते. दोन खाती निघाली. दुसरं खातं बघून त्यांना एकदम आठवलं.

दुसऱ्या खात्याचा पासवर्ड अर्थातच माहीत नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या नव्या फोनवर रिकव्हरीच्या मार्गाने बदलला. मग त्याच खात्यात `myaccount.google.com/device-activity` हे पान उघडलं. खातं अलीकडे ज्या उपकरणांवर चालू होतं त्यांची यादी इथे दिसते. तिथे विकलेल्या फोनचं मॉडेल नाव होतं. म्हणजे खातं हेच, याची खात्री झाली. ही तपासणी आधी केली असती तर पहिलं चुकीचं खातं टाकण्याची वेळच आली नसती. खातं कोणतं असा संशय असेल, तर कुलपाच्या पानावर प्रयोग करण्याआधी हे पान बघा. फोन पुसून बरेच आठवडे झाले असतील तर तो यादीत दिसणार नाही, तेवढं लक्षात ठेवा.

नवा पासवर्ड टाकला, तरी फोनने लगेच घेतला नाही. इथे लोक हात टेकतात. गूगल सांगतं की बदललेला पासवर्ड नोंदलेल्या उपकरणापर्यंत पोहोचायला 24 तास लागू शकतात. जुन्या अँड्रॉइडच्या काळात हीच मुदत 72 तास होती. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे: चोराने कसाबसा पासवर्ड बदलला, तरी खऱ्या मालकाला कळून हालचाल करायला वेळ मिळावा. या काळात पुन्हा पासवर्ड बदलू नका, नाहीतर वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. आम्ही फोन बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गृहस्थ पुन्हा आले, तेच खातं, तोच पासवर्ड टाकला, नव्या फोनवरची सूचना मंजूर केली आणि कुलूप उघडलं.

कुलूप उघडलं, पण काम अजून संपलेलं नाही

या टप्प्यावर सगळ्यांना हायसं वाटतं आणि विकणारा निघून जातो. त्याला थांबवा. खात्याने कुलूप उघडलं असेल तर त्याचं खातं आता फोनमध्ये साइन इन झालेलं असतं. तसंच सोडलं तर त्याचे फोटो आणि संपर्क तुमच्या फोनवर उतरायला लागतील. पुढे कधी फोन पुन्हा बटणांनी रिसेट करायची वेळ आली, तर तोच माणूस पुन्हा शोधावा लागेल.

म्हणून तो समोर असतानाच सेटअप पूर्ण करा. काही जादा पर्याय आले तर वगळत जा, नवीन पिन टाकू नका. मग सेटिंग्जमध्ये खात्यांच्या पानावर जा, त्याचं गूगल खातं उघडा आणि “Remove account” करा. फोन बनवणाऱ्या कंपनीचं खातंही तिथे असेल तर तेही काढा, त्याला कदाचित वेगळा पासवर्ड लागेल. त्यानंतर सेटिंग्जमधूनच रिसेट करा. बऱ्याच फोनवर तो “System” मधल्या “Reset options” खाली “Erase all data (factory reset)” नावाने असतो, काही फोनवर नाव आणि जागा थोडी वेगळी असते. सेटिंग्जच्या शोधात “reset” टाकलं की सापडतो.

फोन पुन्हा चालू झाला की वाय-फायच्या पानावर थांबा. इंटरनेटशिवाय पुढे जायचा पर्याय दिसू लागला, तर ती चांगली खूण. वाय-फाय जोडून पुढे गेलात आणि जुनं खातं न मागता फोनने तुमचं खातं घेतलं, की मग विकणाऱ्याला निरोप द्या. त्याने घरी जाऊन आपल्या खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून हा फोन काढावा, आणि पासवर्ड तुमच्यासमोर टाकलाय म्हणून हवं तर बदलावा. त्याच्याही मनाला शांती.

विकणारा दूर असेल आणि पिन आठवत नसेल तर

फोन त्याच्याकडे कुरियरने परत पाठवणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे. त्याने तिकडे खातं टाकायचं, काढायचं, सेटिंग्जमधून रिसेट करायचा आणि परत पाठवायचा. वेळ जातो, पण कोणाचं खातं कोणाच्या हाती जात नाही.

पासवर्ड फोनवर सांगून काम उरकणं मला पटत नाही. विकणारा कितीही भला असो, तुम्ही त्याच्या खात्यात शिरता, आणि पुढे त्या खात्यात काही उलटसुलट झालं तर संशय तुमच्यावर येणार. तरी दोघांनी ठरवलंच, तर विकणाऱ्याने आधी पासवर्ड असा बदलावा जो तो दुसरीकडे कुठेच वापरत नाही, वर सांगितलेला एक दिवस थांबावं, व्हिडिओ कॉल चालू ठेवून तुम्ही तो टाकावा, दोन टप्प्यांच्या पडताळणीची सूचना त्याने स्वतः मंजूर करावी, तुम्ही लगेच खातं काढून रिसेट करावा, आणि कॉल संपण्याआधी त्याने पासवर्ड पुन्हा बदलावा. इतकी कसरत बघितली की कुरियर बरं वाटतं.

आयफोनचं वेगळं का

आयफोनमध्ये हेच संरक्षण “Activation Lock” नावाने आहे, 2013 मध्ये आयओएस 7 सोबत आलेलं. तिथे कुलूप अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असतं, फोनच्या पोटात नाही. त्यामुळे अँड्रॉइडवर जे दुरून होत नाही ते इथे होतं. विकणाऱ्याने `icloud.com/find` वर आपल्या खात्याने जायचं, यादीतला हा फोन निवडायचा, पुसलेला नसेल तर पुसायचा आणि मग खात्यातून काढायचा. तुम्ही इकडे फोन बंद करून पुन्हा चालू केला की पान पुढे सरकतं. भेट नको, पासवर्ड सांगायला नको. कुलपाच्या पानावर “Unlock with Passcode” असा पर्याय असेल, तर जुना पासकोडही चालतो. विकणाऱ्याने नुसता पुसला आणि खात्यातून काढला नाही, तर कुलूप तसंच राहतं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, तेव्हा दोन्ही पायऱ्या झाल्या का हे त्याला स्पष्ट विचारा.

विकणारा सापडतच नसेल तर

गूगलला फोन करून किंवा मेल पाठवून हे कुलूप उघडून मिळत नाही. खात्याचा मालक तुम्ही नाही, आणि फोन विकत घेतल्याने खातं तुमचं होत नाही.

उरतो तो फोन बनवणाऱ्या कंपनीचा अधिकृत सर्व्हिस विभाग. काही कंपन्या मूळ खरेदीचं बिल दाखवल्यावर हे कुलूप काढून देतात, काही नाही. प्रत्येकीचा नियम वेगळा, म्हणून फोन घेऊन जाण्याआधी विचारून घ्या. मूळ बिल म्हणजे नवा फोन घेतला तेव्हाचं, ज्यावर फोनचा आयएमईआय क्रमांक छापलेला आहे ते. तुम्ही सेकंड हँड घेतल्याची पावती एकटी सहसा पुरत नाही. मूळ बिल आणि तुमची पावती, दोन्ही मिळून साखळी पूर्ण होते: पहिल्याने कंपनीकडून घेतला, तुम्ही त्याच्याकडून घेतला. बिलावरचा आयएमईआय फोनशी जुळतोय ना, ते आधी घरीच तपासा. कुलूप लागलेल्या फोनवरही आपत्कालीन कॉलच्या पानावर बऱ्याचदा हा कोड चालतो:

```
*#06#
```

पडद्यावर आयएमईआय दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक दिसतील, बिलावर त्यातला एकच असला तरी घाबरू नका. कोड चालला नाही तर खोक्यावर, फोनच्या पाठीवर किंवा सिमच्या ट्रेवर क्रमांक शोधा. खोक्यावरचा आणि फोनमधला क्रमांक जुळला नाही, तर खोकं दुसऱ्याच फोनचं आहे, आणि मग बिलाचाही भरवसा नाही.

आयफोनसाठी अ‍ॅपलकडे अशी विनंती ऑनलाइन करता येते, तिथेही मूळ खरेदीचा पुरावा लागतो, आणि फोन मालकाने हरवला म्हणून नोंदवलेला असेल किंवा एखाद्या संस्थेच्या ताब्यातला असेल तर विनंती पुढे जात नाही.

दुकानातून किंवा जुन्या वस्तूंच्या विक्री संकेतस्थळावरून घेतला असेल, तर सर्व्हिसच्या फेऱ्या मारण्याआधी परतीची मुदत बघा. खातं तिसऱ्याच माणसाचं असतं, दुकानदारालाही तो माणूस सापडत नसतो, आणि “दोन दिवसांत करून देतो” म्हणत मुदत निघून जाते. परत करण्याची मागणी लेखी करा, पडद्याचा फोटो जोडा. जो फोन वापरताच येत नाही तो सदोष मालच आहे.

आणि विकणाऱ्याने नंबर बंद केला, बिल नाही, खोकं नाही, किंमत बाजारापेक्षा खूप कमी होती, अशी चिन्हं एकत्र दिसली तर फोन चोरीचा असू शकतो. आयफोनवर किंवा अँड्रॉइडवर मालकाचा निरोप आणि नंबर पडद्यावर दिसत असेल तर त्या नंबरावर फोन करा. नसेल तर व्यवहाराचे पुरावे घेऊन पोलिसांकडे जा. पैसे जातात हे खरं, पण चोरीचा फोन जवळ ठेवणं त्याहून महाग पडू शकतं.

“पाच मिनिटांत काढून देतो” वाल्यांकडे का जाऊ नये

हे कुलूप चुकवण्याचे व्हिडिओ आणि सॉफ्टवेअर भरपूर आहेत. त्यातले बहुतेक सेटअपमधल्या एखाद्या फटीतून आत शिरतात, आणि अशा फटी सुरक्षा अपडेटमध्ये बुजवल्या जातात. म्हणून गेल्या वर्षीचा व्हिडिओ तुमच्या फोनवर चालत नाही, आणि तुम्ही अनोळखी फाइल्स उतरवत बसता. ज्या फोनवर उद्या तुमचं बँकेचं अ‍ॅप टाकायचं आहे, त्यात पहिलंच पाऊल म्हणून कुठल्याशा संकेतस्थळावरचं अ‍ॅप घालणं मला भीतीदायक वाटतं.

अँड्रॉइड 15 पासून तर ही वाट आणखी अरुंद झाली आहे. सेटअप कसाबसा ओलांडला तरी संरक्षण बंद होत नाही. मालकाची पडताळणी होईपर्यंत नवं गूगल खातं जोडता येत नाही, पिन लावता येत नाही, अ‍ॅप्स टाकता येत नाहीत. म्हणजे पैसे देऊन “उघडलेला” फोन हातात येतो आणि त्यात काहीच करता येत नाही. नुसतं सॉफ्टवेअर पुन्हा भरून घेतल्यानेही सहसा फरक पडत नाही, कारण खुणेचा तो कप्पा त्यात तसाच राहतो. तसं करून देणाऱ्याने आधी पैसे मागितले तर देऊ नका.

पुढचा फोन घेताना

विकणारा फोन सुरुवातीच्या “स्वागत” पानावर आणून देतो आणि सांगतो, बघा, कोरा आहे. ते पान काहीच सिद्ध करत नाही. कुलूप इंटरनेट जोडल्यानंतरच बोलतं. म्हणून पैसे देण्याआधी, तो समोर असताना, तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, फोन त्याला जोडा आणि स्वतःचं खातं घालून होम स्क्रीनपर्यंत या. पाच-दहा मिनिटं लागतात.

फोन अजून त्याच्या वापरात असेल तर आणखी चांगलं. त्याला तुमच्यासमोर सेटिंग्जमधून खाती काढायला सांगा आणि तिथूनच रिसेट करायला सांगा, बटणांनी नाही. तो पिन टाकतो की नाही ते बघा. जो माणूस स्वतःच्या फोनचा पिन टाकू शकत नाही, त्याच्याकडून फोन घेऊ नका. आयफोन असेल तर रिसेट करताना त्याला खात्याचा पासवर्ड विचारला जातो, तो टाकून “Find My” बंद होताना तुमच्या डोळ्यांनी बघा. मूळ बिलाचा फोटो त्याच वेळी घेऊन ठेवा, आयएमईआय जुळवून.